मसाला उशिरा गेला, त्याचं पत्र: एक प्रकरण

आमच्या आत्याचा कांदा-लसूण मसाला आहे, कोल्हापूरजवळच्या एका गावात, घरातूनच. सालाचा मसाला म्हणजे लोक एकदाच घेतात आणि वर्षभर पुरवतात, त्यामुळे आमचा सगळा धंदा मार्च ते मे या तीन महिन्यांचा. ऑर्डर, पैसे, पार्सल आणि मेसेज हे सगळं माझ्याकडे असतं, आणि इथे जे लिहितेय ते एका उन्हाळ्यातलं आहे, जेव्हा १६८ घरांचा ४१० किलो मसाला दोन ते अडीच आठवडे उशिरा गेला आणि त्याचं माफीचं पत्र मला लिहावं लागलं. पत्र एकदा नाही, तीनदा लिहिलं. पहिलं चुकलं. ते का चुकलं आणि शेवटचं कसं जमलं हे नीट सांगावं असं वाटतंय, कारण असं पत्र कुणालातरी दरवर्षी लिहावंच लागतं, फराळवाल्यांना, आंब्यावाल्यांना, कंदीलवाल्यांना.

आधी झालं काय ते. आमच्या मसाल्यात तीन मिरच्या पडतात, रंगाला ब्याडगी, चवीला संकेश्वरी आणि तिखटाला लवंगी. ४१० किलो मसाल्याला साधारण १९० किलो मिरची लागते, कारण बाकी कांदा, लसूण, सुकं खोबरं, तीळ, धने, कोथिंबीर, गरम मसाला, खडेमीठ असं सगळं मिळून एका किलो मिरचीचा दोन किलोच्या थोडा वर मसाला होतो. त्या १९० मधली तीन पोती नुसती ब्याडगी. व्यापारी चार वर्षांपासूनचा, नाव घेत नाही. पाच एप्रिलला माल देतो म्हणाला आणि आम्ही त्याला पूर्ण पैसे आगाऊ देऊन टाकले होते. माल आला बारा एप्रिलला, म्हणजे आठवडा तिथेच गेला, आणि पोती उघडली तर ब्याडगीची तिन्ही पोती दमट.

दमट मिरची ओळखायला काही मशीन लागत नाही. वाळलेली ब्याडगी हातात घेऊन हलवली की आतलं बी खुळखुळतं, दुमडली की कटकन मोडते. ही दुमडली तर नुसती वाकत होती, चामड्यासारखी. पोत्यात मनगटापर्यंत हात घातला तर आत गार लागत होतं आणि वास आंबूस. आत्यानं दहा-बारा मिरच्या उभ्या चिरल्या, त्यातल्या तीन-चारांच्या आत देठाजवळ पांढरट-करडी बुरशी. नंतर कळलं की माल शीतगृहातला होता. शीतगृहातून काढलेली गार मिरची उन्हाळ्याच्या हवेत आली की तिच्यावर पाणी धरतं, जसं फ्रिजमधल्या बाटलीवर धरतं तसं, ती पसरून वाळवायची सोडून तशीच पोत्यात दाबली आणि ट्रकमध्ये घातली की दोन-तीन दिवसांत बुरशी ठरलेली.

आता इथे मोह होता. ऊन कडक होतं, चार दिवस गच्चीवर पसरली असती तर मिरची वाळली असती, डंकावर कुटल्यावर आणि कांदा-लसणाच्या वासात कुणाला काही कळलं नसतं, आणि तारीख पाळली गेली असती. पण बुरशी लागलेल्या मिरचीत जे विष तयार होतं, अफ्लाटॉक्सिन, ते ऊन देऊन जात नाही आणि तव्यावर भाजूनही जात नाही. वरची बुरशी झटकली तरी ते आत राहतंच. आत्यानं तिन्ही पोती बाजूला केली. व्यापारी आधी म्हणाला वाळवून घ्या, मग म्हणाला बदलून देतो, परवा गाडी निघते. ती परवाची गाडी निघालीच नाही. शेवटी आत्याचा मुलगा, आमचा दादा, स्वतः हुबळीच्या पुढे ब्याडगीच्या बाजारात गेला, दुसऱ्या व्यापाऱ्याकडून पोती फोडून हात घालून बघून माल घेतला आणि दोन मेला घेऊन आला.

आम्ही लोकांना सांगितलं होतं ३० एप्रिलपर्यंत मसाला घरी पोचेल.

पहिलं पत्र मी पाठवलं २४ एप्रिलला. तेव्हा परवाची गाडी निघते हे वाक्य खरं धरून आम्ही बसलो होतो. मजकूर असा होता: "प्रिय ग्राहक, काही अपरिहार्य कारणास्तव आपली ऑर्डर पोहोचण्यास विलंब होत आहे. आपली काही गैरसोय झाली असल्यास आम्ही दिलगिरी व्यक्त करतो. आपली ऑर्डर ५ मेपर्यंत पोहोचेल. आपण दाखवलेल्या संयमाबद्दल आणि सहकार्याबद्दल मनःपूर्वक आभार."

हे लिहिताना मला वाटलं होतं छान झालंय. शुद्ध आहे, नम्र आहे. त्यानंतर दोन दिवसांत चाळीसच्या वर फोन आणि मेसेज आले आणि जवळजवळ सगळ्यांचा प्रश्न एकच, नक्की झालंय काय. एक ठाण्याच्या काकू, आत्याच्या पहिल्या वर्षापासूनच्या गिऱ्हाईक, त्या मला म्हणाल्या, "अगं, हे तुझ्या आत्यानं लिहिलंय का लाईट बिलाच्या ऑफिसनं?" आणि ते मला लागलं, कारण खरंच होतं.

नंतर शांतपणे ते पत्र परत वाचलं तेव्हा एकेक दिसायला लागलं. "अपरिहार्य कारण" म्हणजे कारण सांगायचं नाहीये. आणि अपरिहार्य म्हणजे टाळता न येणारं, तर ते टाळता येत नव्हतं का? येत होतं. आम्ही पूर्ण पैसे आगाऊ दिले नसते तर व्यापाऱ्यावर आमचं वजन राहिलं असतं, एकाच व्यापाऱ्यावर बसलो नसतो तर दुसऱ्याकडून लगेच माल घेता आला असता, आणि मुख्य म्हणजे मिरची घरात यायच्या आधीच तारीख छापली नसती तर ती चुकलीच नसती. "विलंब होत आहे" हे तर अजून वाईट, जणू पाऊस पडतोय तसा विलंब आपोआप होतोय, करणारा कुणी नाहीच. मराठीत ही सोय फार आहे, "उशीर झाला" म्हणलं की कर्ता गायब. "आम्ही उशीर केला" किंवा निदान "आमच्यामुळे उशीर झाला" म्हणायला जीभ जड होते, पण ऐकणाऱ्याला फरक तिथेच कळतो. "गैरसोय झाली असल्यास" यातलं "असल्यास" म्हणजे झालीय की नाही हे मला माहीत नाही असं म्हणणं, आणि ज्या बाईनं मेमध्ये मुलीकडे न्यायला मसाला सांगून ठेवलाय तिला ते वाचून राग येणारच. आणि संयमाचे आभार! त्या दिवशी कुणीही संयम दाखवलेला नव्हता, कारण त्यांना काही माहीतच नव्हतं, आम्हीच त्यांच्याकडून तो गृहीत धरून वर आभार मानून मोकळे झालो होतो.

पण सगळ्यात मोठी चूक भाषेची नव्हती, तारखेची होती. ५ मे ही तारीख मी व्यापाऱ्याच्या तोंडच्या शब्दावर दिली. माल हातात नाही, वाळवलेला नाही, डंकावर नंबर लागलेला नाही, आणि मी तारीख लिहून मोकळी. पहिला उशीर लोक समजून घेतात, सगळ्यांच्या घरी काही ना काही अडतं. दुसऱ्यांदा दिलेली तारीख चुकली की मात्र ते तिसरीवर विश्वास ठेवत नाहीत, आणि तुम्ही पुढे कितीही खरं लिहा, ते आधीच्या दोन तारखांच्या शेजारी ठेवूनच वाचलं जातं.

तर ५ मे उजाडला आणि मिरची आमच्याकडे गच्चीवर वाळत होती. त्या दिवशी मी लांब काही लिहिलं नाही. दोनच ओळी पाठवल्या: "आज ५ तारीख, तुमचा मसाला पोचलेला नाही, अजून कुटायचा आहे. परवा संध्याकाळपर्यंत तुमच्या पार्सलची खरी तारीख सांगते, अंदाजाची नाही." आत्या म्हणत होती की एकदम सगळं परवाच लिही, अर्धवट कशाला. पण तारीख उलटून गेल्यावर गप्प बसलेला एकेक दिवस लोकांना फार मोठा वाटतो, पैसे घेऊन पळाले की काय इथपर्यंत डोकं जातं, त्यामुळे त्या दोन ओळी मी हट्टानं पाठवल्या. त्यात कारण नाही, माफीही नाही, फक्त कुठवर आलंय आणि पुढचं कधी कळेल एवढंच. माफीचं पत्र त्यानंतर.

परवाच का, तर हिशोबासाठी. देठ काढून, दोन ऊन देऊन, भाजून सहा मेला पहिलं कांडप होणार होतं. मे महिन्यात डंकावर रांग असते, गावातल्या सगळ्यांचं तिखट तेव्हाच असतं, त्यामुळे आम्हाला दिवसाचे ठरावीक तासच मिळणार होते. त्यात नक्की किती मसाला निघतो हे एक दिवस करून बघितल्याशिवाय मला लिहायचं नव्हतं. पहिल्या दिवशी ४८ किलो निघाला. ४१० ला ४८ नी भागलं की साडेआठ, म्हणजे नऊ दिवस, म्हणजे १४ मेला शेवटचं कांडप, मसाला रात्रभर गार व्हायला पाहिजे नाहीतर पिशवीत वाफ धरते, म्हणून शेवटचं पार्सल १५ ला निघणार. त्यात मी दोन दिवस वाढवले, कारण मेमध्ये आमच्याकडे वळीव येतो आणि वळीव आला की लाईट जाते आणि लाईट गेली की डंक बंद. म्हणजे १७. आणि निघणार आणि पोचणार यातला फरक ठेवला. निघणं आमच्या हातात, पोचणं कुरिअरच्या. पहिल्या पत्रात मी "पोहोचेल" लिहिलं होतं, या वेळी "आमच्याकडून निघेल" लिहिलं आणि पुढे मुंबई-पुण्याला साधारण तीन-चार दिवस असं वेगळं सांगितलं.

आत्याला पत्रात व्यापाऱ्याचं नाव घालायचं होतं. तिचा राग खरा होता, पैसे अडकले होते आणि तिच्या नावाची किंमत गेली होती. मी नको म्हणलं, आणि ते काही चांगुलपणा म्हणून नाही. गिऱ्हाईकानं पैसे आपल्याला दिलेत, त्याचा व्यवहार आपल्याशी आहे, त्या व्यापाऱ्याशी नाही. नाव लिहिलं की पत्र वाचणाऱ्याला दिसतं की ही बाई स्वतःवरचं दुसऱ्यावर ढकलतेय. शिवाय लेखी आरोप केला की तो वाद वेगळाच सुरू होतो, आणि आम्हाला त्याच्याकडून पैसे परत घ्यायचे होते. कारण सांगायचं, पण दोन-तीन वाक्यांत, आणि त्यात आपलं काय चुकलं ते आधी. असं ठरवलं.

मग मी आत्याला समोर बसवलं आणि म्हणलं, ठाण्याच्या काकू आत्ता दारात आल्यात असं समज आणि बोल. ती बोलली ते मी लिहून घेतलं, थोडं आवरलं, आणि सात मेला संध्याकाळी हे पत्र गेलं:

"नमस्कार. मी मसालेवाली आत्या बोलतेय. तुमच्या मसाल्याला उशीर झाला आणि तो आमच्यामुळे झाला. ३० एप्रिलपर्यंत घरी पोचवते म्हणून तुमच्याकडून पैसे घेतले, ते जमलं नाही. मग ५ मे सांगितली, तीही पाळली नाही. ती दुसरी तारीख मी द्यायलाच नको होती, कारण तेव्हा मिरची माझ्या घरात आलेली नव्हती. दोन वेळा तुम्हाला वाट बघायला लावली, त्याची माफी मागते.

झालं असं, की ब्याडगी मिरचीची तीन पोती दमट आली आणि आत बुरशी निघाली. ती वाळवून वापरली असती तर वेळेत झालं असतं, पण ती तुमच्या घरात पाठवायची नव्हती म्हणून परत केली. नवी मिरची मुलानं स्वतः जाऊन, बघून आणली. ती दोन तारखेला आली, वाळवून झाली आणि कालपासून कांडप सुरू आहे.

तुमचं पार्सल आमच्याकडून या तारखेपर्यंत निघेल: ____. त्यानंतर पोचायला तीन-चार दिवस. निघालं की त्याच दिवशी कुरिअरचा नंबर पाठवू. वळिवामुळे लाईट गेली आणि एखादा दिवस पुढे गेलं तर आम्हीच आधी फोन करू, तुम्हाला विचारायला लागणार नाही.

कुरिअरचे घेतलेले पैसे सगळ्यांना परत देतेय, ज्या नंबरवरून तुम्ही पाठवले त्यावरच, १० तारखेपर्यंत. आणि आता मसाला नको असेल, दुसरीकडून घेतला असेल, तर नुसतं 'नको' एवढं लिहा, पूर्ण पैसे दुसऱ्या दिवशी परत. कारण विचारणार नाही आणि राग तर अजिबात धरणार नाही.

एक आभार मानायचे राहिलेत. एका ताईंची मुलगी १४ तारखेला परदेशी चाललीय आणि तिला मसाला न्यायचाय, हे सांगितल्यावर सहा घरांनी आपला नंबर मागे घेतला आणि 'आधी तिचं करा' म्हणाले. त्या सहा घरांचे फार आभार, तिचं पार्सल उद्या निघतंय. आणि ज्यांनी फोन करून 'उशीर होऊ दे पण ओली मिरची कुटू नका' असं सांगितलं त्यांचेही. त्या दिवशी ते ऐकायची मला गरज होती."

खाली आत्याचं नाव आणि तिचा स्वतःचा फोन नंबर, माझा नाही, आणि दुपारी दोन ते पाच मी फोन उचलते असं.

यात काही जागा अशा आहेत ज्यांवर आमची भांडणं झाली, त्या सांगते. पहिली म्हणजे आभार कुठे घालायचे. आत्याला आभारानं सुरुवात करायची होती, आपल्याकडे तशी पद्धत आहे, आधी गोड बोलावं. पण ज्याचं पार्सल आलं नाहीये त्याला पहिल्याच ओळीत आभार दिसले की तो समजतो खाली काहीतरी वाईट आहे आणि हे त्यावर साखर घालतायत. म्हणून माफी वर, आभार सगळ्यात खाली, आणि आभारही ज्यांनी खरंच काही केलं त्यांचे, जे केलं त्याचं नाव घेऊन. सरसकट संयमाचे आभार पूर्ण काढून टाकले. गंमत अशी की त्या सहा घरांबद्दल वाचून उरलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी लिहिलं की आम्हालाही घाई नाही, आमचं मागे ठेवा, आणि त्यामुळे लग्नघरचे दोन नंबर आम्हाला पुढे घेता आले. मी ते त्यासाठी लिहिलं नव्हतं, पण झालं.

दुसरी जागा म्हणजे पैसे. दादाचं म्हणणं होतं की पुढच्या ऑर्डरवर दहा टक्के सूट द्या, खिशातून आत्ता काही जात नाही. पण सूट म्हणजे ज्याला आपण त्रास दिला त्यालाच म्हणायचं की अजून एकदा घे मग तुला देतो, आणि सालाच्या मसाल्यात ते पुढच्या वर्षीच. जास्तीचा शंभर ग्रॅम मसाला हाही विचार झाला, पण मसालाच उशिरा जातोय तर त्यात अजून वाढवायचा कुठून. कुरिअरचे पैसे परत, हे सगळ्यांना कळणारं होतं, उशीर पोचवण्यात झाला तर पोचवण्याचे पैसे आम्ही घेत नाही. दर घरी साधारण १४५ रुपये, आणि शेवटी १५९ घरांचे मिळून २३ हजार गेले. आमच्यासारख्या घरगुती धंद्याला ते थोडे नाहीत, त्या वर्षी आत्यानं नवं पॅकिंग मशीन घ्यायचं पुढे ढकललं.

पूर्ण पैसे परत देण्याबद्दल मात्र वाद नव्हता. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत असं आहे की सांगितलेल्या मुदतीपेक्षा माल उशिरा पोचला तर विक्रेत्याला परतावा नाकारता येत नाही, फक्त नैसर्गिक आपत्तीसारखं हाताबाहेरचं कारण असेल तर सूट. आम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर विकतो ते त्यात कसं बसतं यावर मी डोकं लावलं नाही, तेच माप धरलं. व्यापाऱ्यानं दमट माल देणं ही काही आपत्ती नाही, तो आम्ही निवडलेला माणूस होता. नऊ घरांनी "नको" लिहिलं आणि नऊही जणांना दुसऱ्या दिवशी पैसे गेले. त्यांना पत्रही वेगळं गेलं, चारच ओळींचं, इतके रुपये अमुक तारखेला पाठवले, व्यवहार क्रमांक हा, वाट बघायला लावली त्याची माफी. त्यात "पुढच्या वर्षी नक्की या" असं मी लिहिलं होतं ते आत्यानं खोडलं. म्हणाली, यायचं तर ते येतील, आत्ता ते मागायचं तोंड नाही आपल्याला.

आता एक चूक जी पत्र चांगलं असूनही झाली. मी ते ब्रॉडकास्ट लिस्टनं पाठवलं. लिस्टमध्ये २५६ जण बसतात, आमचे १६८ म्हणजे बसले, मी निवांत. रिकाम्या जागी तारीख भरायची म्हणून तीन गटांच्या तीन लिस्ट केल्या होत्या, १० मे, १४ मे आणि १७ मे. पण ब्रॉडकास्टचा मेसेज फक्त त्यालाच पोचतो ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केलाय, बाकीच्यांना तो जातच नाही आणि तुम्हाला तसं काही सांगतही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी एका पुण्याच्या दादांचा चिडून फोन आला की ३० एप्रिलपर्यंत पोचेल म्हणाला होतात, काय झालं, तेव्हा मी मेसेजची माहिती उघडून पोचलेल्यांची नावं मोजली. ११७. म्हणजे ५१ घरांना पत्र गेलंच नव्हतं, आणि त्यातले बरेचसे नवे गिऱ्हाईक, ज्यांचा आमच्यावर अजून विश्वास बसलेला नव्हता, नंबर तरी कशाला सेव्ह करतील. ५ मेच्या दोन ओळीही त्यांना गेल्या नव्हत्या हे तेव्हा लक्षात आलं. मग त्या ५१ जणांना एकेक करून पाठवलं, नाव घालून, आणि वर एक ओळ जोडली की हे काल तुम्हाला मिळायला पाहिजे होतं, माझ्या पाठवण्यात चूक झाली. आत्यानं त्यातल्या वीसेक जणांना फोनही केले. असं काही पाठवणार असाल तर पाठवल्यावर तासाभरानं पोचलेल्यांची यादी उघडून मोजा, एवढंच माझं सांगणं आहे.

फोनवरही एक गोष्ट शिकलो. पहिले एक-दोन फोन आत्या लांबलचक सांगत बसली, पोती, बुरशी, दादाचा प्रवास, आणि समोरचा गप्प. मग तिनं उलटं केलं. आधी तारीख, मग माफी, मग विचारलं तरच कारण. कारण ऐकायची ओढ सगळ्यांना सारखी नसते, काहींना फक्त १४ ला निघणार एवढंच हवं असतं आणि ते मिळालं की ते "बरं बरं, चालतंय" म्हणून ठेवतात.

आणि प्रत्येक पार्सलमध्ये एक छापील चिठ्ठी घातली. ती व्हॉट्सअ‍ॅपवालंच पत्र छापून नाही, हे मुद्दाम. पार्सल हातात आलं की माणसाच्या मनातलं बदललेलं असतं, त्याला परत तीच तीन पोती ऐकवायची गरज नसते. म्हणून पाच ओळी: "हा मसाला तुमच्याकडे ३० एप्रिलला यायला हवा होता. उशिरा आला, माफ करा. कांडप ____ मेला झालंय. पिशवी उघडली की काचेच्या कोरड्या बरणीत भरा, वर हिंगाचा खडा ठेवा. चवीत काही वेगळं वाटलं तर मला फोन करा. थांबलात, आभार." इथे "थांबलात, आभार" हे खरं होतं, कारण पार्सल उघडणारा माणूस खरंच थांबलेला होता. सात मेला तेच शब्द उसने झाले असते. कांडपाची तारीख मात्र हातानं लिहिली, १५९ चिठ्ठ्यांवर, आत्यानं आणि शेजारच्या दोघी मुलींनी बसून. चवीचं वाक्य घालायला मी घाबरत होते, उगाच शंका कशाला पेरायची, पण व्यापारी बदललेला, मिरचीची खेप वेगळी, तिखट थोडं इकडेतिकडे होणारच. तीन फोन आले. दोघींना रंग जास्त लाल वाटला आणि एकीला तिखट कमी, तिला आत्यानं लवंगीचं पावशेर तिखट वेगळं पाठवलं.

वळीव आला अकरा मेला. संध्याकाळी लाईट गेली ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली, एक दिवसाचं कांडप बुडालं. ते दोन वाढीव दिवस होते म्हणून कुणालाच फोन करावा लागला नाही. शेवटचं पार्सल १६ ला निघालं, सांगितल्यापेक्षा एक दिवस आधी. परदेशी जाणाऱ्या मुलीचं १२ ला पोचलं, तिच्या आईनं बॅगेत ठेवलेल्या पिशव्यांचा फोटो पाठवला, तो मी त्या सहा घरांना पुढे पाठवला.

व्यापाऱ्यानं तीन पोत्यांपैकी दोनाचे पैसे जूनमध्ये दिले, तिसऱ्याचे अजून यायचेत. आता आम्ही अर्धे पैसे ऑर्डरला आणि अर्धे पोतं फोडून, हात घालून बघितल्यावर देतो, आणि ब्याडगी दोघांकडून घेतो. ऑर्डरच्या फॉर्मवर जिथे "३० एप्रिलपर्यंत घरपोच" छापायचो तिथे आता लिहिलंय, "मिरची घरात आली की त्या आठवड्यात तुमची तारीख कळवू," आणि त्याच्या खाली, "आमचा नंबर सेव्ह करून ठेवा, नाहीतर आमचा मेसेज तुम्हाला येणार नाही."